आजी बिल भरत नाहीत, कारण ते त्यांना कोणी वाचून दाखवलेले नाही

प्रश्न : गावी एकटी राहणाऱ्या माझ्या आजीला नेहमी साडेपाचशे-सहाशे रुपये विजेचे बिल येते. या वेळी एकदम साडेसहा हजारांवर आले आहे. ती म्हणते, "नात येऊन माझ्याशेजारी बसून वाचून दाखवेल तेव्हाच भरीन, तोवर एक रुपया देणार नाही." मी मुंबईत नोकरी करते आणि मुदत संपायला पाच दिवस आहेत. तिला न सांगता मी ऑनलाइन भरून टाकू का?

उत्तर : न सांगता भरू नका. पैसे भरल्याने तक्रारीचा हक्क जात नाही हे खरे असले, तरी चूक निघाल्यास जास्तीची रक्कम बहुधा रोख परत मिळत नाही, ती पुढच्या बिलांतून थोडी थोडी वळती होते. महिन्याला सहाशे रुपये बिल येणाऱ्या घरात चार हजार रुपये असे फिटायला सहा-सात महिने लागतात. मी वीज वितरणाच्या बिलिंग विभागात 26 वर्षे काम केले आणि निवृत्तीनंतर आमच्या भागातील लोकांची बिले तपासून देते. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या आजींची मागणी योग्य आहे, फक्त तिला मुदतीची जोड द्यावी लागेल. ती कशी द्यायची ते पुढे येईलच.

साडेपाचशेचे बिल साडेसहा हजारांवर जाते तेव्हा त्यामागे बहुधा तीनपैकी एक कारण असते. खरोखर तेवढी वीज वापरली गेलेली असते, किंवा मागील काही महिन्यांचा वापर एकाच बिलात गोळा झालेला असतो, किंवा आकडा भरताना अथवा हिशेब करताना चूक झालेली असते. तुमच्याकडे नेमके काय झाले आहे हे बिल पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही. पुष्कळदा या तिन्हींची सरमिसळही असते, म्हणून "बिल चुकीचे आहे" किंवा "बिल बरोबर आहे" असे ठोक उत्तर हाती न धरता ते क्रमाने वाचावे लागते. असेच एक प्रकरण मी जवळून पाहिले आहे आणि त्यातही एक आजी आणि एक नात होती, म्हणून तेच सविस्तर सांगते.

सातारा जिल्ह्यातील एका गावात राहणाऱ्या या आजींचे वय 76. त्यांना मे महिन्यात 6,860 रुपयांचे बिल आले. मुलाने पैसे पाठवले, शेजाऱ्यांनी "भरून टाका, नाहीतर लाइन तोडतील" असा सल्ला दिला, पण आजींनी ऐकले नाही. "मी काय घरात गिरणी चालवते का? कशाचे पैसे आहेत ते कळू दे, मग देते," एवढेच त्या म्हणत. कॉलेजात शिकणारी नात सुट्टीला आली, तेव्हा तिने बिल हातात घेतले आणि पहिल्याच चौकटीशी अडखळली. त्यानंतर त्या दोघी माझ्याकडे आल्या.

नात बिल वरून खाली वाचत होती, म्हणजे आधी देय रक्कम आणि मग बाकीचे. मी तिला उलट क्रमाने वाचायला सांगितले. आधी मीटरचे आकडे, मग युनिट, मग रुपये. बिलावर मागील रीडिंग 2 आणि चालू रीडिंग 98 असे होते. आजींनी तिथेच विचारले, "दोन वजा केले तर राहिले शहाण्णव. मग पुढे चारशे ऐंशी कुठून आले?" एकूण वापर या रकान्यात खरोखरच 480 होते. इतके दिवस हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, कारण सगळ्यांची नजर देय रकमेवरच जात होती.

उत्तर त्याच ओळीत होते. 96 च्या शेजारी समायोजित युनिट म्हणून एक रकाना असतो, तिथे 384 छापलेले होते. 96 अधिक 384 म्हणजे 480. समायोजित युनिट म्हणजे या महिन्याच्या मीटरमधल्या फरकाबाहेरून आणून जोडलेले युनिट. ते आकाशातून पडत नाहीत, त्यांना कुठेतरी मूळ असते आणि ते मूळ ग्राहकाला विचारता येते. मागील रीडिंग अवघे 2 असणे ही दुसरी खूण होती. जुन्या घराच्या मीटरचा आकडा चार-पाच अंकी असायचा. तो अचानक एक अंकी झाला, याचा अर्थ मधल्या काळात मीटर बदललेला होता. आजींनाही ते आठवले. एप्रिलमध्ये दोन माणसे आली होती, जुना मीटर काढून नवा बसवून गेली होती आणि त्यांनी एका कागदावर आजींचा अंगठा घेतला होता.

आता मागची बिले हवी होती. आजींच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला वाकवलेली एक तार होती आणि तिला दहा-बारा वर्षांच्या पावत्या टोचून ठेवलेल्या होत्या. नातीने वरच्या चार काढल्या. जानेवारीच्या बिलावर रीडिंग 8412 होते. फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल या तिन्ही बिलांवर चालू रीडिंगच्या जागी आकडा नव्हता, "लॉक्ड" असे छापलेले होते. प्रत्येकावर बरोबर 60 युनिट आणि देय रक्कम 570. मीटर ओसरीत होता, आजी सकाळी शेताकडे जाताना दाराला कुलूप लावत, आणि रीडिंग घेणारा माणूस नेमका त्याच वेळी येऊन जाई. तेव्हा मागील वापराच्या सरासरीवर बिल काढण्यात आले. त्या मागील वापरात हिवाळ्याचे महिने असल्याने सरासरी 60 भरली.

इथे थांबून एक गोष्ट सांगते, कारण तुम्हाला ती पुढेही उपयोगी पडेल. सलग दोन-तीन बिलांवर युनिटचा आकडा तंतोतंत सारखा दिसला, तर तो मीटरवरून आलेला नाही असे समजून चौकशी करावी. कोणत्याही राहत्या घरात तीन महिने बरोबर 60 युनिट जळत नाहीत. बिलावर "लॉक्ड" लिहिलेले असेल तर निदान कारण तरी कळते. अडचण वाढते ती असा काही शेरा नसताना आकडा अंदाजाने भरलेला असतो तेव्हा, कारण संगणक तो खरा रीडिंग धरतो आणि पुढे दुरुस्तीची वेळ आली की त्याला सुधारण्यासारखे काही दिसतच नाही.

सातारच्या आजींकडे परत येते. 18 एप्रिलला मीटर काढला तेव्हा त्यावर 8796 आकडा होता. तो त्या अंगठा घेतलेल्या कागदावर, म्हणजे मीटर बदलल्याच्या अहवालावर होता आणि त्याची प्रत नातीने कार्यालयातून मागून आणली. 8796 वजा 8412 म्हणजे 384. समायोजित युनिटांचे मूळ सापडले. जानेवारीपासून 18 एप्रिलपर्यंत जुन्या मीटरने 384 युनिट मोजले आणि त्यानंतर नव्या मीटरने 6 मेपर्यंत 96. म्हणजे 480 हा आकडा खोटा नव्हता. चार महिन्यांत, रोज सुमारे 4 युनिटप्रमाणे, आजींच्या घरात खरोखरच तेवढी वीज वापरली गेली होती.

आजींना हे पटेना. "मी एकटी, एक पंखा आणि एक फ्रिज." मग आम्ही घरातल्या वस्तूंचा हिशेब मांडला. फ्रिज जुना होता, तो दिवसाला साधारण दीड युनिट घेई. पंखा 70 वॉटचा आणि उन्हाळ्यात वीस तास फिरणारा, म्हणजे जवळपास 1.4 युनिट. शिवाय मार्चमध्ये मुलाने कूलर आणून दिला होता, 150 वॉटचा, तो दुपारी आणि रात्री मिळून आठ तास चाले, म्हणजे 1.2 युनिट. दिवे आणि टीव्ही धरून रोजचे 4 युनिट सहज होतात. हिवाळ्यात कूलर नाही, पंखा नाही, म्हणून 60 युनिटांत महिना निघत होता. आजी बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "कूलरचं माझ्या ध्यानात नव्हतं."

मीटरच वेगाने फिरत नाही ना, ही शंकाही आम्ही घरीच तपासली. घराचा मेन स्विच बंद केला तर मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबायला हवा. तो थांबला, म्हणजे मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये कुठे गळती किंवा कोणाची चोरून जोडणी नव्हती. पुढे मीटरच्या तोंडावर एका युनिटला किती वेळा तो दिवा लुकलुकतो हे छापलेले असते. त्यांच्या मीटरवर 3200 होते. माळ्यावरून 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब काढला, बाकी सगळे बंद करून तो एकटा लावला आणि नातीने मोबाइलवर वेळ लावून मोजले. 100 वॉटचा बल्ब तासाला एक दशांश युनिट घेतो, म्हणजे तासाला 320 आणि मिनिटाला पाच ते सहा वेळा दिवा लुकलुकायला हवा. पाच मिनिटांत 27 झाले. मीटर ठीक होता. ही चाचणी ढोबळ आहे, ती कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाही, आणि करताना मीटरच्या सीलला किंवा वायरला हात लावू नये. परंतु दुप्पट-तिप्पट वेगाने पळणारा मीटर तिच्यात लपत नाही. तसे आढळले तर शुल्क भरून मीटर तपासणीचा अर्ज करावा.

मग बिलात चूक कुठे होती? दोन ठिकाणी. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून मी गोल केलेले दर घेते, तुम्ही मात्र तुमच्या बिलावर छापलेले दर घ्या. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या 100 युनिटांना 6 रुपये, 101 ते 300 ला साडेअकरा रुपये आणि 301 ते 500 ला 16 रुपये धरू. स्थिर आकार महिना 130 रुपये आणि या सगळ्यावर घरगुती ग्राहकांसाठीचे 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार मी इथे बाजूला ठेवला आहे, तो दर महिन्याला बदलतो.

पहिली चूक अशी. फेब्रुवारी ते एप्रिलच्या तीन बिलांत आजींनी 180 युनिटांचे पैसे भरलेलेच होते. 384 मध्ये ते 180 पुन्हा मोजले गेले. म्हणजे 360 रुपये प्रमाणे तीन महिन्यांचे 1,080 आणि त्यावरचे शुल्क धरून 1,253 रुपये त्यांना वळते मिळायला हवे होते. बिलात या वजावटीचा मागमूस नव्हता. मीटर बदलल्याचे युनिट कोणीतरी हाताने भरले होते आणि भरताना मधली सरासरीची बिले पाहिली नव्हती.

दुसरी चूक मोठी होती आणि ती चटकन दिसत नाही. विजेचे टप्पे महिन्याचे असतात. प्रत्येक महिन्याचे पहिले 100 युनिट स्वस्त असतात. चार महिन्यांत आजींना असे 400 स्वस्त युनिट मिळायला हवेत. पण चार महिन्यांचे 480 युनिट एकाच महिन्यात टाकले की स्वस्त युनिट उरतात फक्त 100, पुढचे 200 साडेअकराने आणि वरचे 180 सोळाने लागतात. त्याची बेरीज 5,780. हेच युनिट महिन्याला 120 प्रमाणे वाटले, तर प्रत्येक महिन्याचे 600 अधिक 230, म्हणजे 830 होतात आणि चार महिन्यांचे 3,320. वीज तीच, मीटर तोच, आणि फरक 2,460 रुपयांचा. साचलेला वापर ज्या महिन्यांत झाला त्या महिन्यांवर विभागून टप्प्यांचा लाभ द्यायचा असतो. 2020 च्या टाळेबंदीत महाराष्ट्रात मीटर रीडिंग थांबले होते आणि जूनमध्ये साचलेली बिले आली, तेव्हा हाच मुद्दा घरोघरी चर्चेत होता. "लॉक्ड" बिलांनंतर खरा आकडा आला की संगणक ही विभागणी बहुतेक वेळा स्वतःच करतो. हाताने भरलेल्या समायोजित युनिटांच्या बाबतीत ती राहून जाते, असे मी नोकरीत असताना अनेकदा पाहिले आहे.

आता बेरीज जुळवू. चुकीच्या बिलात 5,780 अधिक 130 आणि त्यावर 16 टक्के, म्हणजे 6,855.60, गोल करून 6,860. बरोबर हिशेबात 3,320 अधिक 130 आणि त्यावर 16 टक्के, म्हणजे 4,002. त्यातून आधी भरलेले 1,253 वजा केले की 2,749, गोल करून 2,750. मागील तीन महिन्यांचा स्थिर आकार त्या त्या बिलात आजींनी भरलेला आहे, म्हणून तो पुन्हा धरायचा नाही. नातीने हे सगळे एका वहीच्या पानावर मांडले आणि आजींनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ते तिच्याकडून पुन्हा वदवून घेतले.

आता तुमच्या पाच दिवसांचा प्रश्न. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण 15 दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. मुदतीची तारीख उलटली म्हणून दुसऱ्या दिवशी लाइन तोडता येत नाही. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. रकमेबद्दल वाद असेल, तर ग्राहक हरकत नोंदवून दोनपैकी जी कमी असेल ती रक्कम भरू शकतो : एक तर मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा आधीच्या सहा महिन्यांत भरलेल्या आकाराच्या सरासरीइतकी दरमहाची रक्कम. वादाचा निकाल लागेपर्यंत मग वीज तोडता येत नाही. सातारच्या आजींची सरासरी 570 रुपये होती. त्यांनी लेखी तक्रार देऊन तेवढेच भरले.

या तरतुदीच्या मर्यादाही लक्षात ठेवा. लेखी तक्रार न देता नुसते कमी पैसे भरले, तर ती केवळ थकबाकी ठरते. तक्रारीत "ही रक्कम हरकत राखून भरत आहे" असे स्पष्ट लिहावे आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही व शिक्क्यानिशी पोच घ्यावी. काउंटरवरचा माणूस अपुरी रक्कम घ्यायला नकार देऊ शकतो. अशा वेळी त्याच्याशी हुज्जत न घालता तक्रारीची पोच घेऊन उपविभागाच्या अभियंत्यांना किंवा बिलिंग पाहणाऱ्या लेखा कर्मचाऱ्यांना भेटावे. शेवटी बिल बरोबर ठरले, तर राहिलेली रक्कम व्याजासह भरावी लागते. कार्यालयाने दाद दिली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते, आणि त्यानंतर विद्युत लोकपालांकडे. मंचाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. मंचापर्यंत जाण्याची वेळ माझ्या पाहण्यातल्या बहुतेक प्रकरणांत आली नाही, कारण आकडे मांडलेला कागद समोर ठेवला की दुरुस्ती उपविभागातच होते. "बिल जास्त आले आहे, चौकशी व्हावी" अशा एका ओळीच्या अर्जाला मात्र "रीडिंगप्रमाणे बरोबर आहे" असे एका ओळीचे उत्तर येते.

सातारच्या नातीने अर्जात तीनच गोष्टी लिहिल्या : समायोजित 384 युनिटांपैकी 180 चे पैसे या तीन पावत्यांनी भरलेले आहेत, 480 युनिट चार महिन्यांवर विभागून टप्पे लावावेत, आणि तोवर 570 रुपये हरकत राखून भरले आहेत. सोबत चार बिलांच्या, पावत्यांच्या आणि मीटर बदलल्याच्या अहवालाच्या छायाप्रती जोडल्या. पहिल्या खेपेला संबंधित माणूस रजेवर होता. दुसऱ्या खेपेला संगणकावर पाहून त्यांनी चूक मान्य केली. दुरुस्त बिल 2,750 चे निघाले, त्यातून भरलेले 570 वजा झाले आणि उरलेले 2,180 रुपये आजींनी त्याच दिवशी स्वतःच्या हाताने काउंटरवर मोजून दिले.

तुम्ही पाच दिवसांत गावी जाऊ शकत नसाल तर आज संध्याकाळी आजींना व्हिडिओ कॉल करा आणि शेजारच्या एखाद्या मुलाला फोन धरायला सांगा. तुमच्यासमोरही बिलाची प्रत हवी. ग्राहक क्रमांक टाकून ते, आणि बहुधा मागील महिन्यांची बिलेही, संकेतस्थळावर मिळतात. रकमेकडे न जाता आधी आजींना मीटरचा मोठा आकडा वाचायला सांगा आणि तो बिलावरच्या चालू रीडिंगशी लावून पाहा. मीटरचा आकडा बिलापेक्षा कमी असेल तर बिलात जास्तीचा आकडा पडला आहे. मग पुढे काही वाचण्याची गरज नाही, मीटरचा तारीख दिसेल असा फोटो घेऊन तक्रार द्या. आकडा बिलाच्या थोडा पुढे असेल तर वजाबाकी आजींनाच करू द्या, आणि ती एकूण वापराशी जुळत नसेल तर समायोजित युनिटांचा रकाना पाहा. वजाबाकी जुळली आणि आकडा तरीही मोठा असेल, तर मागील चार-सहा बिलांवर सारखेच युनिट किंवा "लॉक्ड" असा शेरा आहे का ते पाहा. तिथेही काही नसेल, तर थकबाकीच्या ओळीत एखादे न भरलेले जुने बिल आहे का ते तपासा. उन्हाळ्याच्या सुमारास सुरक्षा ठेवीच्या वाढीव रकमेचे वेगळे बिलही येते, ते नेहमीच्या बिलात मिसळून पाहू नका.

एवढे पाहून झाल्यावर शेवटच्या सहा बिलांवरचे युनिट, रीडिंग आणि शेरे इथे लिहा. ग्राहक क्रमांक आणि आजींचे नाव मात्र लिहू नका. विभागणीचा हिशेब मी मांडून देईन, पण आजींना तो तुम्हीच वाचून दाखवा, आणि त्या मध्येच थांबवून काही विचारतील ते टिपून ठेवा. सातारच्या त्या 96 आणि 480 चा प्रश्न मीही पहिल्या नजरेत विचारला नव्हता, तो आजींनी विचारला होता.